यादीतला पाचवा नंबर

रिटायर झालेल्या माणसाला सल्ला द्यायला परवाना लागत नाही. लागायला हवा होता. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी डेपोत माझा सत्कार झाला. शाल आली, नारळ आला, बायकोला स्टेजवर बोलावून साडी दिली, आणि ज्यानं त्यानं माइक धरून एकच वाक्य म्हटलं, 'आता साहेबांनी जग फिरावं.' जग फिरावं म्हणे! चौतीस वर्षं हेच लोक माझी रजा अडवत होते. मी कोल्हापूर स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. खिडकीत बसून दुसऱ्यांना हुपरीला, हातकणंगल्याला, गारगोटीला पाठवायचं, गाडी उशिरा लागली की शिव्या खायच्या, आणि स्वतः मागितलेल्या रजेत नेमकी दिवाळी नाहीतर लग्नसराई निघायची. त्यामुळं भाषणं ऐकताना मला भरून वगैरे काही आलं नाही. राग आला. तो तेव्हापासून थोड्याफार फरकानं आहेच.

पण फिरायची हौस मात्र खरी होती. खिडकीत बसलेल्या माणसाला प्रवासी काय काय सांगून जातात. कुणी लष्करातला सुट्टीवर आलेला, तो लडाखचं सांगायचा. कुणी आसामात चहाच्या मळ्यावर मुकादम होता, त्यानं काझीरंग्याचा गेंडा असा रंगवला की मागं रांग खोळंबली. अशी नावं मी ड्युटी डायरीच्या मागच्या पानावर लिहीत आलो होतो. लडाख, केदारनाथ, अंदमान, कच्छचं पांढरं रण, काझीरंगा, हंपी. सहा झाली. रिटायर झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी ते पान काढून स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला विचारलं, "तुजं काय हाय का ह्यात घालायचं?"

आता खरं सांगायचं तर मी ते रीत म्हणून विचारलं होतं. ती म्हणेल, तुमचं तेच माझं, असं मी धरून चाललो होतो. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला बरफ बगायचा हाय. पडताना. हातावर घ्यायचा हाय."

एकतीस वर्षांच्या संसारात या बाईनं माझ्याकडं तोंड उघडून मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातल्या दोन मिक्सरच्या होत्या, कारण पहिला जळाला. मी हसलो. म्हणालो, "फ्रीजमधला चालंल काय?" ती हसली नाही. मी सातवं नाव लिहिलं, काश्मीर, आणि पुढं कंसात बर्फ.

मग मी तक्ता आखला. तक्ता आखण्यात मला कोल्हापुरात कुणी हरवायचं नाही. ठिकाण, अंगाला किती जड, कुठला महिना, खर्च किती, असे चार रकाने. महिन्याचा रकाना सोपा होता, तो आपल्या हातात नसतोच. रणातली तंबूंची वस्ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हंपीला डिसेंबर, नाहीतर दगड तापून पाय भाजतात. केदारनाथचं दार अक्षय्यतृतीयेच्या सुमारास उघडतं, भाऊबीजेला बंद होतं, मधल्या पावसात दरडी कोसळतात, म्हणजे मे-जून नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. लडाख जून ते सप्टेंबर. काझीरंगा पावसाळ्यात बंद. अंदमानला दिवाळीनंतर. आणि पडता बर्फ बघायचा तर जानेवारी, फार तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. खर्चाचा रकानाही मी स्टँडजवळच्या एका टूरच्या हपिसात जाऊन भरून आणला. पेन्शन आमची जेमतेम, फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे जे आले ते बँकेत. त्याच्या व्याजावर वर्षाला दोन प्रवास बसत होते, एक मोठा आणि एक धाकटा.

राहिला अंगाचा रकाना. पुण्यातल्या मुलानं माझ्यासाठी निवृत्तांच्या तपासणीचं एक पॅकेज भरलं होतं. रक्त, लघवी, ईसीजी, पट्ट्यावर पळवून बघायची ती टेस्ट, सगळं. मी पट्ट्यावर असा चाललो की तिथली पोरगी म्हणाली, काका, थांबा आता. बीपी थोडं होतं, त्याला एक गोळी. बाकी सगळं झकास. मी रिपोर्ट तक्त्याला टाचणीनं लावला. पॅकेज एकाचं होतं. रिटायर एकजण झाला होता, म्हणून तपासणी एकाची. ही गोष्ट तेव्हा घरात कुणालाही चमत्कारिक वाटली नाही, आणि आज ती आठवली की मला ताट भिरकावून द्यावंसं वाटतं.

बायकोची तपासणी मीच केली होती. घरच्या घरी, डोळ्यांनी. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. भाजी घेऊन वर आली की ती मधल्या जिन्यात कठड्याला धरून उभी राहायची. दोन-तीन वर्षं राहत होती. मी वरून ओरडायचो, "वजन कमी कर, दम लागायचा न्हाय." तर काश्मीरच्या ओळीत, अंगाच्या रकान्यात मी पेननं लिहिलं, 'धाप. चालणे वाढवावे.' असं ऐटीत, जणू वैद्यकीय अधिकारीच.

पुढच्या रविवारी बैठक बसली. थोरले बंधू हातकणंगल्याहून आले, मुलगा पुण्याहून. दादा म्हणजे आमच्या घरातलं सर्वोच्च न्यायालय. शेती त्यांनी केली, मला शिकवलं त्यांनी, त्यामुळं त्यांच्यापुढं माझा आवाज दोन पट्ट्या खाली येतो. मटण झालं, पान झालं, आणि त्यांनी तक्ता हातात घेतला. चष्मा वर करून, खाली करून वाचला.

"ह्यात देव कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"केदारनाथ हाय की, दादा."

"त्यो दुसरा लिवलाईस. रिटायर झालास म्हंजे देवानं तुला धडधाकट सोडवलं. त्येला आदी भेटायचं न्हाय? पयला परवास देवाचा. आदी तिरुपती. चालत चढायचा डोंगर. आपल्या घरात आजवर कुणी रिटायर झालेला न्हाय, पयलाच हाईस, रीत नीट पाड."

घरात पहिलाच रिटायर झालेला माणूस असल्यामुळं रीत मी पाडायची आणि ती दादा ठरवणार! मी तिरुपती एक नंबरला लिहिलं.

मुलाचं म्हणणं वेगळं. तो मोबाइलवर आकडे टाकून बसला होता. "पप्पा, स्वस्त ते आधी करा. मोठी रक्कम तीन वर्षं मोडू नका, व्याज चांगलं मिळतंय. विमानाची ठिकाणं नंतर. हंपी आणि कच्छ जवळ आहेत, ती उरकून टाका. काश्मीर आणि लडाख कुठं पळून जात नाहीत."

'कुठं पळून जात नाहीत' हे वाक्य मी पुढं वर्षभर मनात चघळलं. डोंगर पळत नाहीतच. पळतं ते दुसरंच.

तर क्रम ठरला. एक तिरुपती, दोन हंपी, तीन कच्छ, चार केदारनाथ, पाच काश्मीर कंसात बर्फ, मग अंदमान, काझीरंगा आणि सर्वांत महाग म्हणून शेवटी लडाख. वर्षाला दोन धरले तर पाचवा नंबर तिसऱ्या वर्षी येत होता. बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. थोरल्या दिरासमोर ती बोलत नाही. मीच मोठेपणानं तिला म्हणालो, "तुला धाप लागती. दोन वर्सं जरा चाल, फिर, तब्बेत सुधारू दे. मग बरफात नेतो." ती "बरं" म्हणाली आणि कप घेऊन गेली. माझ्या आयुष्यात मी काढलेली ती सर्वांत चुकीची ऑर्डर. आणि खाली माझी सही होती, कारण तक्त्याखाली सही करायची मला सवय आहे.

तिरुपतीचा डोंगर आम्ही ऑगस्टात चढायला घेतला. साडेतीन हजार पायऱ्या. मी पुढं, ती मागं. तीनशेव्या पायरीच्या आसपास ती बसली ती उठेना. मी खाली आलो, तिला काय काय बोललो. रोज चाल म्हणून सांगत होतो, ऐकत नाहीस, आता दादांना काय सांगायचं. शेवटी तिला बसनं वर पाठवली आणि मी चालत गेलो, आणि वर गेल्यावर दादांना फोन करून दोघंही चढलो असं सांगितलं. देवाच्या दारात उभा राहून खोटं बोललो. रीत पाडायची होती ना.

हंपी बरी झाली. कच्छची तऱ्हाच वेगळी. मुलाला कुठंतरी निम्म्या दरात मिळालं आणि आम्ही रणात कधी पोचलो, तर एप्रिलच्या शेवटी. तंबू नाहीत, मेळा नाही, उंटवाला एकटाच सावलीत आडवा. पांढरं तर होतं, पण त्याच्याकडं बघवत नव्हतं, डोळे जळत होते. आमच्या गाडीचा ड्रायव्हर गुजरातीमिश्रित हिंदीत म्हणाला, काका, इथं आता कुणी येत नाही. मी फोन काढून मुलाला तिथूनच झाडला. निम्म्या दरात का मिळतं याचा विचार डोक्यात का येत नाही, असं विचारलं. माझ्या तक्त्यात महिन्याचा रकाना ठसठशीत होता, पण खर्चाच्या रकान्यानं त्याला खाल्लं. आणि बायको गाडीपासून पन्नास पावलांवर मिठात बसून छाती चोळत होती. मी समजलो उन्हानं झालं. लिंबूपाणी दिलं. लिंबूपाणी!

मग आलं केदारनाथ. सप्टेंबरची सहल, दोन सीट. पंचावन्नच्या वरच्या प्रत्येकाला डॉक्टरचा दाखला लागणार होता. प्रत्येकाला, म्हणजे दोघांना. टूरच्या हपिसानं दोन कोरे फॉर्म हातात दिले तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी कागदोपत्री मान्य केलं की प्रवासाला दोन शरीरं निघालीत. मी बायकोला घेऊन आमच्या पेठेतल्या हृदयाच्या डॉक्टरांकडं गेलो, तक्ताही बरोबर. मला वाटलं, ते बघून माझं कौतुक करतील.

त्यांनी माझा फॉर्म पाच मिनिटांत भरला. मग तक्त्याकडं बघितलं आणि म्हणाले, "काका, ही यादी उलटी आहे."

"म्हंजे?"

"अंगाला जड असेल ते आधी करायचं. महिना ज्याचा त्याला, तिथं तडजोड नाही. आणि पैसा शेवटी, त्यावरून दोन प्रवासांत किती दिवस ठेवायचे ते ठरवायचं. पैशाला थोडं थांबवता येतं. शरीराला थांब म्हणता येत नाही. तुम्ही हंपी साठीच्या आत उरकलीत आणि लडाख साठीच्या पुढं ठेवलंत."

हे ऐकताना माझ्या कानशिलात कुणीतरी ठेवून दिल्यासारखं झालं. कारण हे मला माहीत होतं! चौतीस वर्षं मी दुसरं काय केलं? डेपोत नवी कोरी गाडी आली की ती लांबच्या मार्गाला, घाटाला लावतात. चार-पाच वर्षांत ती खिळखिळी झाली की तालुक्याच्या फेरीला, आणि अगदीच म्हातारी झाली की गावातल्या गावात. नवी गाडी जवळच्या हुपरीला लावून जुनी घाटात सोडली असती तर मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. स्टँडवर जे कुणी न सांगता कळत होतं ते घरात पेन हातात धरून मी नेमकं उलटं केलं. दादा आणि पोरगं समोर बसले आणि माझी अक्कल चरायला गेली.

डॉक्टर बायकोकडं वळले. छातीला नळी लावली. पाठीला लावली. पुन्हा छातीला, डाव्या कुशीवर झोपवून. बराच वेळ. त्यांचा चेहरा बदलला नाही, पण बोलणं बदललं.

"काकू, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का कधी?"

"व्हय," ती म्हणाली. "धा-अकरा वर्साची आसंन. म्हैनाभर शाळा बुडालती. गुडघं, घोटं सगळं सुजलंतं."

मला हे ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षांत मी विचारलं नव्हतं आणि विचारल्याशिवाय ती सांगत नाही.

इको झाला. हृदयातली डाव्या बाजूची एक झडप आकसलेली. लहानपणीच्या त्या तापानं तेव्हाच बिघडलेली, आणि गेली काही वर्षं हळूहळू अरुंद होत आलेली. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. दार पुरतं उघडत नाही, मागं रक्त तुंबतं, फुप्फुसावर दाब येतो, म्हणून दम. वजनाचा तिथं काही संबंध नव्हता. चालण्यानं ते सुधारणार नव्हतं, उलट मी तिला चालवत होतो. डोंगर चढवत होतो.

"केदारनाथ नाही," डॉक्टर म्हणाले. "आता कुठलीच उंची नाही. आधी हे उघडायला पाहिजे. फुग्यानं उघडता येईल असं दिसतंय, मांडीतल्या शिरेतून जातात, छाती फाडावी लागत नाही."

"आनि बरफ?" बायकोनं विचारलं.

एवढ्या सगळ्यात तिनं तेवढंच विचारलं. डॉक्टरांना कळेना कसला बर्फ. मी मान खाली घालून तक्त्यावर बोट ठेवलं, पाचव्या नंबरवर. त्यांनी वाचलं. पुढं 'धाप. चालणे वाढवावे' हेही वाचलं असणार, कारण त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग तिला म्हणाले, "काकू, त्याचं आत्ता सांगत नाही. उघडल्यावर तीन महिन्यांनी परत इको करू. तो बघून सांगतो."

दवाखान्यातून मी तडक टूरच्या हपिसात गेलो, सीट रद्द करायला. तिथल्या माणसानं हिशोब करून सांगितलं की इतक्या उशिरा रद्द केल्यावर फार थोडे परत मिळतील, त्यापेक्षा दुसऱ्याच्या नावावर करा. मी घरी आलो. दादांना फोन केला. झडपेचं सांगितलं, फुग्याचं सांगितलं, केदारनाथचं सांगितलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वंगाळ झालं. मग तिची शीट वाया जानार की. माझं नाव घाल. तिच्यासाटी तितं साकडं घालतो."

मी फोन बंद केला. दादांचा फोन मी आयुष्यात पहिल्यांदा मध्येच बंद केला. दोन्ही सीट रद्द केल्या, जे मिळाले ते घेतले. वाया गेलेल्या प्रत्येक रुपयाबरोबर मला बरं वाटत होतं, इतका मी संतापलो होतो.

फुग्याचं काम सप्टेंबरात झालं. ज्या तारखांना आम्ही घोड्यांच्या वाटेवर असणार होतो त्याच तारखांना ती दवाखान्यात होती. मुलगा आला. बाकावर माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "पप्पा, मला माहीत नव्हतं." मी म्हणालो, "तुझ्या मोबाइलात हा आकडा नव्हता काय?" तो रडला. मी समजूत घातली नाही. आज वाटतं, घालायला पाहिजे होती. त्याच्या आईला कुणी विचारलं नव्हतं हे खरं, पण त्याला विचारायला शिकवणारा मीच होतो.

तिसऱ्या दिवशी ती घरी आली. जिना एका दमात चढली. मधल्या वळणावर सवयीनं थांबली, कठडा धरला, मग तिच्याच लक्षात आलं की थांबायची गरज नाही, आणि वर आली. मी मागं होतो. मला बरं वाटायला हवं होतं. मला त्या दोन-तीन वर्षांचा राग येत होता, वरून ओरडणाऱ्या माणसाचा.

डिसेंबरात परत इको झाला. झडप छान उघडली होती. डॉक्टर तिला म्हणाले, "काकू, जा तुम्ही. श्रीनगरला दोन दिवस नुसतं राहा, मग गुलमर्गला. तिथल्या रोपवेच्या पाळण्यानं आणखी वर जायचं नाही. बर्फात पळायचं नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि अजून एक, ही झडप कायमची झाली असं समजू नका. दहा वर्षं टिकेल, पाच टिकेल, पुन्हा आकसू शकते." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "लडाख काकूंसाठी नाहीच. ते यादीतून काढा."

म्हणजे तिच्यासाठी उरलेला सर्वांत उंच डोंगर तोच, पाचव्या नंबरचा. आणि महिना डिसेंबर. पडत्या बर्फाला फक्त दीड महिना.

पण पैसे? मोठ्या प्रवासाचं गाठोडं दवाखान्यात गेलेलं. मी ठरवलं होतं, ठेव मोडायची. मुलाला सांगितलं, तो 'मोडा' म्हणाला. आणि त्याच रविवारी दादा आले. हातात प्रसादाची पुडी. बसले, पाणी प्याले, बायकोची विचारपूस केली, आणि म्हणाले, "देवानं वाचिवली. मी हितनंच नवस बोललोतो. तवा आदी तिरुपतीला जाऊन नवस फेडा. तवा ही डोंगर चढली नव्हती म्हनं. मला कळलंय. अर्धवट ऱ्हायलं म्हणूनशान हे झालं. बरफ कुठं पळून चाललाय?"

मग मी सुटलो. आयुष्यभराचं सगळं बाहेर आलं. दादांनी शेती केली, मला शिकवलं, सगळं मान्य, पण माझ्या बायकोच्या छातीवर नवस बोलायचा हक्क त्यांना कुणी दिला? एक नंबर तुमचा, दोन नंबर पोराचा, आणि ती पाचवी का? ती पाचवी का? शेजारची माणसं दारात आली. दादा उठून उभे राहिले. सत्तरीचा माणूस, त्यांच्या हातातली पुडी खाली पडली. मी ओरडतच होतो. इतके दिवस ज्यांच्यावर ओरडायची हिंमत झाली नव्हती त्यांच्यावर ओरडत होतो, आणि मला बरं वाटत होतं, मोकळं वाटत होतं, असं वाटत होतं की आता सगळं फिटलं.

बायको आतून आली. थोरल्या दिरासमोर कधी न बोलणारी बाई मधे उभी राहिली. तिनं खाली पडलेली पुडी उचलली, कपाळाला लावली, दादांना म्हणाली, "भाऊजी, बसा. च्या टाकलाय." मग माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही.

"त्येंच्यावर काय वरडताय? मला पाचव्या नंबरला भाऊजींनी घातलं न्हाय. पोरानं बी घातलं न्हाय. पेन तुमच्या हातात हुतं."

मी दादांकडं बघितलं.

"मी च्या घिऊन दारात उभी हुतो," ती म्हणाली. "तुमी माझ्याकडं बगून लिवलंसा."

दादा खाली बसले. मीही बसलो. गॅसवर उतू जाणाऱ्या चहाचा आवाज आला, आणि ती आत गेली नाही, मीच गेलो. गॅस बंद केला. कप काढले. फोडले नाहीत एवढंच. बाहेर येऊन दादांना दिला, तिला दिला. मग ड्युटी डायरी काढली, एक कोरं पान फाडलं, आणि पेन तिच्यासमोर ठेवलं.

तिनं पान गुडघ्यावर घेतलं. सावकाश लिहिलं. ठिकाण नाही, खर्च नाही, अंगाला किती जड तेही नाही. लिहिलं, 'जानेवारी'. दादांनी वाकून वाचलं आणि चहाचा कप तोंडाला लावला.

पान तिनं मला दिलं. पेन दिलं नाही.